तेराशे चाळीस हवे होते, मिळाले त्र्याण्णव : दोन स्टेजच्या प्रीअँपचं एक प्रकरण

माझा भाचा पुण्यात ई अँड टीसीच्या दुसऱ्या वर्षाला आहे. जुलैच्या शेवटी तो एक छोटा बोर्ड घेऊन माझ्याकडे आला. त्यांच्या मंडळाचा जुना पीए अँप्लिफायर अजून ठणठणीत आहे, पण त्याचा माइकचा भाग बिघडलेला. लाइन इनपुट मात्र चालू आहे. तिथे आत ट्रान्सफॉर्मर आहे आणि बाहेर ६०० ओम असं लिहिलंय. गणपतीच्या आधी माइकसाठी एक प्रीअँप बनवून त्या लाइन इनपुटला जोडायचा, असं त्यानं ठरवलं होतं. तपकीर गल्लीतून सामान आणलं, दोन ट्रान्झिस्टरचं सर्किट केलं, आणि ते चालेना. अगदी बंद नव्हतं. आवाज येत होता, पण फार क्षीण.

"मामा, दोन्ही स्टेज वेगवेगळ्या तपासल्यात. प्रत्येकीचा गेन साडेछत्तीसच्या पुढे आहे. मग दोन्ही मिळून तेराशे चाळीस यायला हवेत ना? शंभरसुद्धा येत नाहीत. ट्रान्झिस्टर दोनदा बदलले."

ट्रान्झिस्टर चांगलेच होते. त्याची दोन्ही मापंही बरोबर होती, चुकला होता तो फक्त गुणाकार. ३६.६ गुणिले ३६.६ म्हणजे १३४० हे गणित म्हणून ठीक आहे, पण ते ज्या सर्किटचं आहे ते सर्किट त्याच्या टेबलावर नव्हतंच.

आधी बोर्डवर काय होतं ते सांगतो. दोन्ही स्टेज एकसारख्या, कॉमन एमिटर, बीसी५४७बी, १२ व्होल्ट सप्लाय. बेसला ६८ किलोओम आणि १५ किलोओमचा डिव्हायडर, कलेक्टरला ४.७ किलोओम. एमिटरला १०० ओम आणि त्याखाली १.५ किलोओम; कपॅसिटरचा बायपास फक्त १.५ किलोओमवर. वरचे १०० ओम मुद्दाम मोकळे ठेवलेत, म्हणजे गेन ट्रान्झिस्टरच्या मर्जीवर राहत नाही आणि विकृतीही कमी होते. ही निवड चांगली होती, आणि मी त्याला तसं सांगितलंही.

डीसीचा हिशोब केला तर कलेक्टर करंट सुमारे ०.९२ मिलिअँपिअर येतो. त्यावरून एमिटरचा आतला रेझिस्टन्स निघतो २५.७ मिलिव्होल्ट भागिले ०.९२ मिलिअँपिअर, म्हणजे जवळपास २८ ओम. मोकळे १०० ओम त्यात मिळवले की १२८. कलेक्टरचे ४७०० भागिले हे १२८, म्हणजे ३६.७; कलेक्टर करंट एमिटर करंटपेक्षा किंचित कमी असतो, म्हणून साधारण ३६.६. सिग्नल उलटा होतो म्हणून चिन्ह उणे. त्यानं मोजलेला गेन हाच होता.

आता एका स्टेजला डबी समजा. आत काय आहे ते विसरायचं आणि बाहेरून तीनच गोष्टी विचारायच्या. मागून जोडणाऱ्याला ही डबी किती ओमची वाटते? हा इनपुट रेझिस्टन्स. पुढे काहीही न जोडता ती व्होल्टेज किती पट करते? हा लोडशिवायचा गेन. आणि तिच्या आउटपुटमधून करंट ओढला तर व्होल्टेज किती ओमच्या आडून येतंय असं दिसतं? हा आउटपुट रेझिस्टन्स. टू-पोर्ट मॉडेलचं हे सर्वांत साधं रूप. या तीन आकड्यांपैकी भाच्यानं फक्त मधला मोजला होता.

इनपुट रेझिस्टन्स असा निघतो. ट्रान्झिस्टरच्या बेसमधून आत पाहिलं तर एमिटरकडचे १२८ ओम बीटा पटीनं मोठे दिसतात. बीटा २५० धरला तर ३२ किलोओम. पण सिग्नलच्या दृष्टीनं ६८ आणि १५ किलोओमचे बायसचे दोन्ही रेझिस्टर बेसपासून ग्राउंडलाच जातात, कारण सप्लाय ही रेषाही सिग्नलसाठी ग्राउंडच. ते दोघे मिळून १२.३ किलोओम. ३२ आणि १२.३ समांतर, म्हणजे ८.९ किलोओम. इथे जरा थांबून पाहण्यासारखं आहे : मागच्या स्टेजला दाबून टाकणारं जे ओझं आहे, त्यात मोठा वाटा ट्रान्झिस्टरचा नाही, बायस डिव्हायडरचा आहे. मुलं बहुतेक वेळा ते दोन रेझिस्टर डीसीचं काम झालं की विसरतात.

आउटपुट रेझिस्टन्स सोपा आहे. एमिटरला मोकळा रेझिस्टर असल्यामुळे ट्रान्झिस्टर कलेक्टरकडून फारच मोठ्या रेझिस्टन्ससारखा दिसतो, म्हणून उरतो तो कलेक्टरचा ४.७ किलोओमच.

हे कागदावरचे आकडे. मी त्याला ते मोजायलाही लावले, कारण लोडिंग, म्हणजे पुढचं जोडताच मागचं व्होल्टेज पडणं, एकदा डोळ्यांनी दिसलं की पुन्हा विसरत नाही. इनपुटसाठी जनरेटर आणि बेस यांच्यामध्ये सिरीजमध्ये पॉट लावायचं आणि आउटपुट नेमकं निम्मं होईपर्यंत फिरवायचं. मग पॉट काढून मोजायचं. जे येईल तोच इनपुट रेझिस्टन्स. त्याला ८.७ किलोओम मिळाले. आउटपुटसाठी पॉट कलेक्टर आणि ग्राउंडमध्ये लावायचं आणि तसंच निम्मं करायचं. ४.७ किलोओम आले. दोन्हीकडे कपॅसिटर मात्र मध्ये हवाच. पॉट थेट कलेक्टरला लावलं तर त्यातून डीसी वाहतो, ट्रान्झिस्टरचा बायसच हलतो, आणि आपण भलत्याच सर्किटचं माप घेतो.

आता साखळी जोडू. माइक ६०० ओमचा, जवळून बोललं की साधारण १ मिलिव्होल्ट देणारा. माइकचे ६०० ओम आणि पहिल्या डबीचे ८.९ किलोओम हा एक डिव्हायडर झाला. पहिल्या डबीचे आउटपुटचे ४.७ किलोओम आणि दुसऱ्या डबीचे इनपुटचे ८.९ किलोओम हा दुसरा. दुसऱ्या डबीचे ४.७ किलोओम आणि पीएचे ६०० ओम हा तिसरा.

```
Av = Rin1/(Rs+Rin1) × Avo1 × Rin2/(Rout1+Rin2) × Avo2 × RL/(Rout2+RL)
   = 0.937 × 36.6 × 0.654 × 36.6 × 0.113
   ≈ 93
```

दोन्ही स्टेज सिग्नल उलटा करतात म्हणून एकूण चिन्ह अधिक. तेराशे चाळीसचे त्र्याण्णव कुठे झाले ते आता प्रत्येक सांध्यावर स्वच्छ दिसतं. माइकपाशी फक्त सहा टक्के गेले. दोन स्टेजच्या मध्ये सुमारे एक तृतीयांश. आणि शेवटच्या सांध्यावर शंभरातले अकरा उरले. डेसिबलमध्ये सांगायचं तर एकूण तोटा २३, त्यातले जवळजवळ १९ एकट्या शेवटच्या जोडणीत.

भाच्याला हे पटायला थोडा वेळ लागला. त्याचा संशय मधल्या सांध्यावर होता, कारण त्यांच्या वर्गात लोडिंग शिकवताना नेहमी दोन स्टेजमधलंच उदाहरण घेतात. म्हणून आम्ही बोर्डवरच पाहिलं. १ किलोहर्ट्झ, ६०० ओमच्या आडून १ मिलिव्होल्ट. दुसरी स्टेज सुटी करून पहिल्या कलेक्टरवर ३४ मिलिव्होल्ट होते, दुसरी जोडताच २२. दुसऱ्या कलेक्टरवर लोड न लावता ८०० मिलिव्होल्टच्या वर, आणि ६०० ओम लावताच ९० च्या आसपास. दुखणं कुठे आहे हे ओळखायची हीच पद्धत मला सर्वांत भरवशाची वाटते : एकेका सांध्यावर प्रोब ठेवायचा आणि पुढचं जोडण्याआधी व जोडल्यानंतर किती पडलं ते पाहायचं. ट्रान्झिस्टर खराब असता तर पुढचं सुटं केल्यावरही व्होल्टेज परत आलं नसतं. इथे ते पूर्ण परत येत होतं.

मग त्यानं उपाय सुचवला : "अजून एक तशीच स्टेज लावू का? सामान शिल्लक आहे."

गेनपुरता हा उपाय चालतो. तिसरी तशीच स्टेज लावली तर पुन्हा ०.६५४ चा एक सांधा आणि पुन्हा ३६.६, एकूण सुमारे २२००. गरजेपेक्षा जास्तच. पण पीएला मिळायला हवेत किती? ६०० ओमच्या लाइनचं जुनं मोजमाप १ मिलिवॅट, म्हणजे ०.७७५ व्होल्ट आरएमएस, शिखराला १.१ व्होल्ट. आता शेवटच्या ट्रान्झिस्टरचा करंट पाहा. त्याच्याकडे एकूण ०.९२ मिलिअँपिअर आहेत. सिग्नलसाठी त्याचा लोड म्हणजे ४.७ किलोओम आणि ६०० ओम समांतर, ५३२ ओम. करंट शून्यापर्यंत खाली आला तरी व्होल्टेज ०.९२ गुणिले ५३२, म्हणजे ०.४९ व्होल्टच वर जाऊ शकतं. त्यापुढे लाट वरून सपाट. मागे गेन कितीही वाढवला तरी ही भिंत हलत नाही, फक्त तिच्यावर आपण जास्त लवकर आदळतो.

हे टू-पोर्ट मॉडेल आपल्याला सांगत नाही. ते छोट्या सिग्नलसाठी आहे. त्यात करंट संपत नाही आणि सप्लायला छत नसतं. म्हणून गेनचा हिशोब झाला की शेवटच्या स्टेजचा करंट वेगळा तपासावाच लागतो. त्याच्याच बोर्डवर इनपुट वाढवून आम्ही ते पाहिलं, अर्ध्या व्होल्टपाशी शेंडे कापले जात होते.

तर शेवटी हवी होती ती गेन देणारी नाही, तर करंट देणारी डबी : एमिटर फॉलोअर. दुसऱ्या कलेक्टरवर ७.६ व्होल्टच्या आसपास डीसी आहेच, तेव्हा कपॅसिटर आणि बायसचे रेझिस्टर टाळून तिसरा बीसी५४७ थेट तिथे जोडला. त्याच्या एमिटरला १.२ किलोओम. एमिटरवर साधारण ६.९ व्होल्ट, करंट सुमारे ५.८ मिलिअँपिअर, आतला रेझिस्टन्स ४.४ ओम. सिग्नलसाठी लोड १.२ किलोओम आणि ६०० ओम समांतर, म्हणजे ४०० ओम. ५.८ गुणिले ४००, २.३ व्होल्टपर्यंत शिखर. १.१ ला भरपूर.

यापुढचं गणित या प्रकरणातला सर्वांत शिकण्यासारखा भाग आहे, कारण इथे तीन आकड्यांची डबी तोकडी पडते. कॉमन एमिटर स्टेजमध्ये मी गुपचूप एक गोष्ट गृहीत धरली होती : आउटपुटला काय जोडलंय याची इनपुटला खबर नसते. तिथे ते जवळजवळ खरं होतं. फॉलोअरमध्ये ते अजिबात खरं नाही. त्याच्या बेसमधून पाहिलं तर एमिटरचा लोडच २५१ पटीनं मोठा दिसतो. ६०० ओम लावले असतील तर इनपुट रेझिस्टन्स १०१ किलोओम, नसतील तर ३०२ किलोओम. उलट दिशेनंही तसंच : बाहेरून आत पाहिलं तर मागच्या स्टेजचे ४.७ किलोओम २५१ नं भागले जाऊन दिसतात, सुमारे १९ ओम, त्यात ४.४ मिळवून १.२ किलोओमशी समांतर, म्हणजे २३ ओम. म्हणजे फॉलोअरचा "स्वतःचा" इनपुट किंवा आउटपुट रेझिस्टन्स असं काही नसतंच. शेजारी कोण आहे ते सांगितल्याशिवाय तो आकडा बोलता येत नाही.

भाच्यानं पहिल्यांदा हिशोब केला तो असा. मागच्या ४.७ किलोओमवर १०१ किलोओमचं ओझं, ०.९५६. फॉलोअरचा गेन ४०० भागिले ४०४.४, म्हणजे ०.९८९. आणि शेवटी २३ ओम विरुद्ध ६०० ओमचा डिव्हायडर, ०.९६४. गुणाकार ०.९११. दिसायला अगदी शहाण्यासारखा हिशोब, पण त्यात ६०० ओम अनेकदा मोजले गेले. १०१ किलोओम हा आकडाच लोड धरून आलाय, ४०० ओमही लोड धरूनच आलेत, आणि वर पुन्हा लोडचा डिव्हायडर लावला.

वाट एकच धरायची. पुढून मागे आलात, म्हणजे लोड धरून इनपुट रेझिस्टन्स आणि गेन काढलात, तर ०.९५६ गुणिले ०.९८९, बस्स. ०.९४५. मागून पुढे गेलात, तर आधी लोड काढून टाकायचा : ३०२ किलोओम धरून ०.९८५, लोडशिवायचा गेन ०.९९६, मिळून ०.९८१; मग २३ ओम आणि ६०० ओमचा डिव्हायडर, ०.९६४. उत्तर पुन्हा ०.९४५. दोन्ही वाटांनी एकच आकडा आला की खात्री पटते. आले नाहीत तर कुठेतरी लोड दोनदा घेतलाय किंवा मुळीच घेतला नाही असं समजावं.

स्टेज वाढल्या की ही सावधगिरी डोक्यात ठेवणं जड जातं. तिथे प्रत्येक डबीचं एबीसीडी मॅट्रिक्स लिहून ती ओळीनं गुणणं मला जास्त आवडतं. इनपुटचं व्होल्टेज आणि करंट, आउटपुटच्या व्होल्टेज आणि करंटच्या रूपात. शेजाऱ्यांची दखल गुणाकार आपोआप घेतो. माइकचे ६०० ओमसुद्धा एक मॅट्रिक्सच.

```python
import numpy as np
def stage(av, rin, rout):
    return np.array([[1, rout], [1/rin, rout/rin]]) / av
def follower(beta, re, RE):
    return np.array([[1 + re/RE, re],
                     [1/((beta+1)*RE), 1/(beta+1)]])
src = np.array([[1, 600], [0, 1]])
ce = stage(-36.6, 8900, 4700)
M = src @ ce @ ce @ follower(250, 4.4, 1200)
print(1 / (M[0,0] + M[0,1]/600))
```

उत्तर येतं ७७६. हातानं केलेल्या हिशोबाशी जुळतं : ८२१ गुणिले ०.९४५, जिथे ८२१ म्हणजे ०.११३ चा शेवटचा सांधा सोडून आधीच्या साखळीचा गुणाकार. या मॅट्रिक्समध्ये मला एक गोष्ट फार सुंदर वाटते. कॉमन एमिटरच्या आपल्या मॉडेलचा डिटर्मिनंट शून्य येतो आणि फॉलोअरचा येतो १/२५१. डिटर्मिनंट शून्य म्हणजे मागे काहीच जात नाही, हीच ती गृहीत धरलेली गोष्ट. १/२५१ दिसायला क्षुल्लक, पण फॉलोअरचं सगळं शेजारधर्माचं वागणं त्या एवढ्याशा आकड्यात आहे.

दोन स्टेजमधला एक तृतीयांश तोटा भाच्याला अजून खटकत होता. बायसचे रेझिस्टर २२० आणि ४७ किलोओम केले तर इनपुट रेझिस्टन्स ८.९ वरून १७.५ किलोओमवर जातो आणि सांधा ०.६५४ चा ०.७९ होतो. म्हणजे या एका सांध्यावर वीस टक्के जास्त मिळतात. पण मग बायस ट्रान्झिस्टरच्या बीटावर जास्त अवलंबून राहतो. मी नको म्हटलं. बीसी५४७बीचा बीटा २०० ते ४५० यांत कुठेही असू शकतो, आणि आत्ताच्या डिव्हायडरनं इनपुट रेझिस्टन्स बराचसा बांधून ठेवलाय. बीटा २०० धरा, तो सांधा ०.६४ होतो, ४०० धरा, ०.६८. दोन्ही ०.६५४ पासून चार टक्क्यांच्या आत. बाजारात मिळेल तो ट्रान्झिस्टर घालून प्रीअँप तसाच चालतो, हे मला वीस टक्क्यांपेक्षा मोलाचं वाटतं.

फॉलोअर लावून मोजलं तेव्हा गेन ७५० च्या आसपास आला. ७७६ आणि ७५० मधला फरक पाच टक्क्यांच्या रेझिस्टरमध्ये सहज सामावतो. १ मिलिव्होल्टला पाऊण व्होल्ट, म्हणजे लाइनला जेवढे हवेत तेवढेच.

पण दोन दिवसांनी त्याचा फोन आला. मोठ्यानं, स्वच्छ वाजतंय, तरी माइकसमोर ढोल धरला तर खालचा सूर पातळ लागतो; आधीच्या क्षीण आवाजात तो जास्त भरीव होता. मी आउटपुटचा कपॅसिटर किती आहे ते विचारलं. १० मायक्रोफॅरड, आधीचाच. पूर्वी त्या कपॅसिटरच्या वाटेत दुसऱ्या स्टेजचे ४.७ किलोओम आणि लोडचे ६०० ओम मिळून ५.३ किलोओम होते, त्यामुळे खालची कोपऱ्याची फ्रिक्वेन्सी ३ हर्ट्झ होती. फॉलोअर आल्यावर ते ४.७ किलोओम २३ ओम झाले, वाटेत उरले ६२३ ओम, आणि कोपरा चढून २५ हर्ट्झवर गेला. त्याच्यावरही काही अंतरापर्यंत उतार जाणवतोच. आउटपुट रेझिस्टन्स कमी केल्यानं गेन परत आला, पण त्याच रेझिस्टन्सनं खालचा कोपरा जो सांभाळून ठेवला होता तो सुटला.

त्यानं ४७ मायक्रोफॅरड लावला. धन टोक एमिटरकडे, कारण तिथे ६.९ व्होल्ट आहेत. कोपरा साडेपाच हर्ट्झच्या खाली आला. त्याच संध्याकाळी त्यांनी मंडळाच्या खोलीत पुन्हा ढोल वाजवून पाहिला.